आईचे दहा हजार

गेल्या मार्चमध्ये एका रात्री दहाच्या सुमारास आईकडे गेले, तर ती हॉलमध्ये सोफ्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती. हातात फोन. "आठशेच राह्यले, झाले की बसते," म्हणाली. बसल्यावर गुडघा पाहिला. उजव्या वाटीच्या दोन्ही बाजूंच्या खळग्या सुजेनं भरून गेल्या होत्या आणि हात लावला तर गरम लागत होतं.

आई अडुसष्ट वर्षांची आहे. ट्राफिक पार्कला सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर रोज रात्री पावलांच्या आकड्याचे फोटो पडतात. दहा हजार झाले की टाळ्या, सात हजारवाल्यांना "उद्या होतील". हिला ते लागलं. दहा-बारा दिवसांत तिनं स्वतःला ओढून दहा हजारांवर नेलं होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पंधरा वर्षं गुडघेच पाहते आहे, आणि माझ्याच घरात हे चाललेलं मला दोन आठवडे कळलं नाही. त्या दिवसापासून हे लिहायचं मनात होतं.

हा दहा हजारांचा आकडा कुठल्याही संशोधनातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये चालण्याची हवा होती. १९६५ मध्ये तिथल्या यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि नाव ठेवलं 'मानपो-केई'. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पावलं, केई म्हणजे मोजणारं यंत्र. एका वस्तूचं नाव पुढं फोनमध्ये, घड्याळात आणि शेवटी आईच्या ग्रुपवर ध्येय म्हणून येऊन बसलं.

आईच्या वयाला लागू पडेल असा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या सुमारे १६,७०० बायका, सरासरी वय ७२. प्रत्येकीनं आठवडाभर कमरेला मोजयंत्र लावलं आणि नंतर सरासरी चार वर्षांहून थोडा अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. पावलांनुसार बायकांचे चार गट केले. सगळ्यात कमी चालणारा गट दिवसाला साधारण २,७०० पावलं चालत होता. त्याच्या वरचा गट ४,४०० च्या आसपास. या दुसऱ्या गटात मृत्यूचा धोका पहिल्या गटापेक्षा ४१ टक्के कमी दिसला.

जरा थांबून हा फरक बघा. २,७०० आणि ४,४०० मध्ये अंतर १,७०० पावलांचं. मध्यम वेगानं मिनिटाला शंभरेक पावलं पडतात, म्हणजे सतरा मिनिटं. आईच्या घरून भाजीबाजारात जाऊन यायला तेवढीच लागतात. पुढं पावलं वाढली तसा फायदा वाढत गेला, पण ७,५०० च्या आसपास रेघ सपाट झाली. तिच्यापुढं चालणाऱ्या बायकांमध्ये धोका आणखी कमी झालेला दिसला नाही. एकूण पावलं सारखी धरली, तर भरभर चालण्याचा वेगळा फायदाही त्यात ठळक दिसला नाही. गुडघा दुखणाऱ्या बाईला हे सांगताना मला बरं वाटतं, कारण तिचा वेग वाढवणं माझ्याही हातात नसतं.

आता याची मर्यादा. हे चालणाऱ्यांचं निरीक्षण आहे, कुणाला मुद्दाम चालायला लावून केलेला प्रयोग नाही. जी आधीच आजारी आहे ती कमी चालते आणि लवकर जातेही, त्यामुळे दोष पावलांच्या माथी येऊ शकतो. तब्येत खालावलेल्यांना वगळून हिशेब केला तरी ही शंका पूर्ण मिटत नाही. शिवाय त्या बायका आरोग्यसेवेत काम केलेल्या, बहुतेक गोऱ्या. आपल्या विदर्भातल्या बाईला ४१ चा आकडा जसाच्या तसा लावू नये. पण रेघेचा आकार, म्हणजे खालच्या टोकाला मोठा फायदा आणि पुढं सपाटी, हा नंतरच्या मोठ्या अभ्यासांतही आला. २०२२ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा साठीच्या पुढच्यांसाठी सपाटी ६,००० ते ८,००० वर आली आणि साठीच्या आतल्यांसाठी ८,००० ते १०,००० वर. म्हणून चाळिशीतला माणूस दहा हजार सहज चालत असेल तर त्यानं खुशाल चालावं. माझा राग तो आकडा सगळ्यांच्या गळ्यात बांधण्यावर आहे.

आईचं काय केलं ते सांगते. आधी आठ दिवस लांब चालणं बंद, सूज उतरेपर्यंत बर्फाचा शेक आणि पलंगावर पाय सरळ ठेवून मांडीचे स्नायू आवळायचा व्यायाम. मग पुढचे सात दिवस नुसतं मोजलं, तेही फोन कमरेच्या पिशवीत ठेवून. कारण फोन टेबलावर किंवा चार्जिंगला असला की घरातली पावलं निसटतात, आणि मनगटावरचं घड्याळ पोळ्या लाटतानाही पावलं मोजू शकतं. हार्वर्डच्या त्या अभ्यासातले आकडे कमरेच्या यंत्राचे आहेत, तेव्हा तुलना करायची तर मोजणंही तसंच हवं. सरासरी आली ३,१००. म्हणजे माझी आई रोजच्यापेक्षा तिपटीहून जास्त चालायला निघाली होती. गुडघा बिचारा काय करणार!

तिथून दर दोन आठवड्यांनी रोजची हजार पावलं वाढवली, म्हणजे दहा मिनिटं. पाच सकाळी, पाच संध्याकाळी. नियम एकच ठेवला: चालताना थोडं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा जड किंवा सुजलेला असेल तर मागच्या पायरीवर यायचं. दोनदा असं मागं यावं लागलं. एकदा पायऱ्या जास्त झाल्या म्हणून आणि एकदा लग्नात तीन तास उभी राहिली म्हणून. मे महिन्यात तर सकाळी साडेपाचला निघून साडेसहाच्या आत घरी. आपल्याकडचं पंचेचाळीसचं ऊन अंगावर घेऊन कुणीही पावलं पूर्ण करू नयेत. ज्या दिवशी फारच तापलं, त्या दिवशी घरातल्या घरात जेवढी झाली तेवढी.

"अन् ग्रुपवर काय सांगू?" तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, "आई, तू तीनवरून सहावर आलीस. त्यांच्यातली आधीच आठ हजार चालणारी दहावर गेली, त्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे." तिला लगेच पटलं नाही. पटायला दिवाळी उजाडली.

माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना म्हणून एक विनंती आहे. आईवडिलांना घड्याळ भेट द्याल, तेव्हा त्यातलं आधीपासून ठेवलेलं १०,००० चं ध्येय स्वतः बदलून द्या. आधी आठवडाभर ते किती चालतात ते बघा आणि त्यात हजार मिळवून तो आकडा टाका. हृदयाचा आजार असेल, चालताना छाती भरून येत असेल किंवा पोटरीत पेटके येऊन थांबावं लागत असेल, तर आकडा टाकण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आईच्या फोनवर आता ६,५०० आहे. परवा रात्री साडेनऊला ५,९०० झाले होते. तिनं आकडा पाहिला, फोन चार्जिंगला लावला आणि झोपायला गेली.