ग्रीन टी उकळू नका, आणि दुधाच्या चहाला उगाच घाबरू नका

"ग्रीन टी पण आपल्या चहासारखाच गॅसवर ५-७ मिनिटं खळखळून उकळवा, नाहीतर अर्क उतरतच नाही. कडू लागला म्हणजे काम करतोय. ते ८० डिग्री वगैरे सगळे कंपन्यांचे नखरे. आणि दुधाचा चहा मात्र २ मिनिटांच्या वर उकळला की विष होतो. पुढे पाठवा."

आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्याने टाकला हा फॉरवर्ड, खाली अकरा जणांनी अंगठे दिले आणि काकाने तर लगेच पातेलं चढवलं. आत्या, रागावू नकोस, पण उलटं आहे गं सगळं.

आधी अर्काचं बघू, कारण त्यात थोडं खरं आहे आणि म्हणूनच ते पटतं. पाणी जितकं गरम तितकं पानातून जास्त उतरतं, हे बरोबर. पण सगळं एकाच वेगाने उतरत नाही ना. ग्रीन टीत थिअनिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं, ती जी गोडसर, मऊ चव लागते ती बरीचशी त्याची, आणि ते कमी गरम पाण्यात पण आरामात येतं. तुरटपणा येतो कॅटेचिन्स नावाच्या अँटिऑक्सिडंट्समुळे आणि कडूपणात कॅफीनचाही हात असतो, या दोघांना मात्र उष्णता लागते, द्याल तेवढे ते येत राहतात. म्हणजे ७५-८० डिग्रीच्या पाण्यात दोन मिनिटांत गोडसरपणा आलेला असतो आणि तुरट-कडू बेतात असतं. उकळत्या पाण्यात गोडसरपणा कुठे जात नाही, पण कडू-तुरट त्याच्या डोक्यावर बसतं. आणि गॅसवर सात मिनिटं ठेवलं तर ज्या कॅटेचिनसाठी एवढा खटाटोप चाललाय त्यातलं काही रूप बदलतं, काही मोडतं, शिवाय पानाचा जो ताजा हिरवा वास असतो तो वाफेबरोबर छताला. किचनमध्ये वास मस्त येतो, कपात काही नाही.

आता कडू म्हणजे काम करतोय, हे. अहो कारलं आहे का ते? कडू लागला याचा अर्थ एवढाच की पाणी जास्त गरम होतं, किंवा पान जास्त वेळ राहिलं, किंवा पावडर जास्त पडली. मी परवा एकाच पाकिटातली पानं दोन कपांत करून बघितली, प्रत्येकी साधारण २ ग्रॅम आणि २०० मिली पाणी. एक ८० डिग्रीच्या आसपास दोन मिनिटं ठेवून गाळला, दुसरा पातेल्यात पाच मिनिटं उकळला. पहिला फिकट पिवळसर-हिरवा, दुसरा तपकिरीकडे झुकलेला आणि जिभेच्या कडा आखडतात ना, कच्चं केळं खाल्ल्यासारखं, तसं. काकाने दुसऱ्यात दोन चमचे मध घातला तेव्हा कुठे तो संपला, मग वजन कमी करायला पितोय म्हणायला काही अर्थ राहिला का?

टी बॅग असेल तर अजून लवकर काढायची, एक-दीड मिनिटात, कारण आत बहुतेक वेळा बारीक चुरा असतो आणि चुरा पानापेक्षा भराभर उतरतो. आणि बॅग चमच्याला गुंडाळून दाबून पिळायची नाही, त्यात जो शेवटचा गडद थेंब निघतो तो चांगलाच तुरट असतो.

नखऱ्यांचं म्हणाल तर जपानमध्ये पाणी निववायला वेगळं भांडंच असतं, युझामाशी म्हणतात त्याला. उकळतं पाणी त्यात ओतायचं, मग तिथून चहाच्या भांड्यात, एकदा भांडं बदललं की ढोबळमानाने दहा डिग्री उतरतात. थर्मामीटर नको काही नको. त्यांचा ग्योकुरो म्हणून जो सावलीत वाढवलेला महागडा चहा आहे तो तर ५०-६० डिग्रीला करतात. चीनमध्ये बुडबुड्यांवरून ओळखायची जुनी पद्धत, तळाशी अगदी बारीक बुडबुडे दिसले की ते कोळंबीचे डोळे, जरा मोठे झाले की खेकड्याचे. हां, सगळाच ग्रीन टी असा नाजूक नसतो, भाजलेल्या पानांचा होजिचा किंवा तांदूळ घातलेला गेनमाइचा उकळत्या पाण्याने पण छान होतो. पण आपल्याकडच्या साध्या पाकिटातल्याला नको.

घरी सोपं गणित करा. उकळत्या पाण्याचा पाऊण कप घ्या, त्यात पाव कप प्यायचं साधं पाणी घाला. १५० मिली ९८ डिग्रीचं आणि ५० मिली २५ डिग्रीचं मिसळलं की बरोबर ८० च्या आसपास येतं. मग पान टाका, झाकण ठेवा, दोन मिनिटांनी गाळा. पान कपात पडून राहू द्यायचं नाही, फोन आला आणि विसरलात तर मग कडू लागलं म्हणून पाकिटाला शिव्या द्यायच्या नाहीत.

आता दुधाचा चहा. त्याला हे ८० डिग्री का नको, तर त्याचं पानच वेगळं. ग्रीन टीचं पान तोडल्यावर लगेच वाफवतात किंवा कढईत परततात म्हणून ते काळं पडत नाही. आपली सीटीसी पावडर म्हणजे चिरडून, फाडून, दाण्यासारखी वळलेली आणि मग हवेत काळी होऊ दिलेली. तिचा रंग आणि कडकपणा उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटांत येतो. आणि त्यातला तुरटपणा दुधातलं केसिन नावाचं प्रोटीन धरून ठेवतं, म्हणून एवढा कडक चहा पण जिभेला टोचत नाही. ग्रीन टीला हा आधारच नाही, तो एकटा पडतो.

मग दूध घातल्यावर परत का उकळायचं? तर १५० मिली उकळत्या पाण्यात फ्रिजमधलं १५० मिली दूध ओतलं की सगळं पन्नास-बावन्न डिग्रीवर येतं. म्हणजे तुम्हाला वाटतं चहा चालू आहे, पण तो जवळजवळ थांबलेला असतो. परत उकळी येऊन, गॅस बारीक करून दोन-तीन वेळा वर येऊ देऊन खाली बसवला की झाला. माझं मोजून दूध घातल्यापासून पाचेक मिनिटं होतात, म्हणजे फॉरवर्डच्या हिशोबाने मी कधीचीच गेले.

आलं मात्र दुधाच्या आधी, पाण्यातच उकळा. कच्च्या आल्यात प्रोटीन तोडणारं एक एन्झाइम असतं, दूध कोमट असताना ते पडलं तर चहा फाटू शकतो, आणि मग बिचाऱ्या दूधवाल्याला बोल लावतो आपण. पाण्यात दोन मिनिटं खळखळलं की त्याचा जोर जातो.

जास्त उकळला तर काय होतं? वीस मिनिटं ठेवला तर पाणी आटतं, कडवट होतो, दुधाला करपट वास लागतो, वर साय धरते. बेचव होतो, विष नाही. खरी भीती उकळण्याची नाहीच, सकाळचा चहा पातेल्यात ओट्यावर तसाच ठेवून संध्याकाळी गरम करून पिण्याची आहे, कारण त्यात दूध आहे आणि दूध उन्हाळ्यात चार तासांत काय करतं ते सगळ्यांना माहितीये. आत्या, हे मात्र पुढे पाठव, आणि काकाच्या कपातला मध काढून घे.