बरं झाल्यावरही ‘पॉझिटिव्ह’ : रिपोर्ट खोटा नाही, प्रश्न वेगळा आहे

एक मेसेज फिरतोय : “माणूस ठणठणीत बरा होऊन तीन आठवडे झाले तरी कोरोनाची आरटी-पीसीआर पॉझिटिव्हच! ४० सायकल फिरवल्या की साध्या पाण्यातही व्हायरस सापडतो. सीटी २४ च्या वर असेल तर रिपोर्ट खोटा समजा. सगळ्यांना पाठवा.”

आधी पाण्याचं बघू, कारण पाणी प्रत्येक लॅबमध्ये रोज तपासलं जातं. रुग्णांच्या नमुन्यांशेजारी प्लेटच्या एका खळग्यात मुद्दाम नुसतं पाणी आणि रसायनं घालतात. हा निगेटिव्ह कंट्रोल. तोही बाकीच्यांबरोबर सगळ्या सायकल, म्हणजे व्हायरसचा तुकडा दुप्पट करायच्या फेऱ्या, फिरतो आणि स्क्रीनवर त्याची रेषा शेवटपर्यंत आडवीच राहावी लागते. ती वर चढली, तर कुठला तरी नमुना मिसळला असं धरून रिपोर्ट थांबवतात आणि टेस्ट पुन्हा लावतात. अशा चुका होतात, पण त्या पकडण्यासाठीच तो खळगा असतो. नुसत्या सायकल वाढवून व्हायरस तयार होत नाही. शून्याची दुप्पट शून्यच.

आता तीन आठवड्यांचं. दर सायकलला शोधायचा तुकडा साधारण दुप्पट होतो आणि कितव्या सायकलला त्याची चमक ठरलेल्या पातळीच्या वर गेली, तो आकडा म्हणजे सीटी. म्हणून सीटी जितका जास्त, तितका मूळ माल कमी. समजा, एका बाईंचा ताप आल्यानंतर तिसऱ्या दिवशी सीटी १८ आला आणि चोविसाव्या दिवशी ३४. फरक १६ सायकलचा, म्हणजे सोळा वेळा दुप्पट : दुसऱ्या नमुन्यात व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, पहिल्याच्या सुमारे ६५ हजारांश उरला आहे. टेस्टने तो बरोबर शोधला. ‘पॉझिटिव्ह’ एवढाच शब्द वाचला की दोन्ही रिपोर्ट सारखे वाटतात, तिथे घोळ होतो.

पण बाई बऱ्या झाल्या, मग हा उरलेला आरएनए आला कुठून? कोरोनाचा पूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा अख्खा आरएनए, सुमारे ३० हजार अक्षरांचा असतो. पीसीआर त्यातला शंभरेक अक्षरांचा तुकडा शोधते. तो तुकडा अख्ख्या, जिवंत व्हायरसमधला आहे की मोडलेल्या अवशेषातला, हे तिला कळत नाही. उघडा आरएनए लवकर नष्ट होतो, हे खरं. पण व्हायरसचा आरएनए त्याच्याच प्रथिनात गुंडाळलेला असतो, शिवाय बाधित पेशीतल्या पडद्यांच्या पिशव्यांमध्ये दडलेला असतो. नाका-घशाच्या अस्तरातल्या या पेशी मरून, गळून, साफ व्हायला आठवडे लागतात. शेवटी माल इतका थोडा राहतो, की स्वॅब नीट फिरला तर पॉझिटिव्ह, वरवर फिरला तर निगेटिव्ह. सोमवारी निगेटिव्ह आणि गुरुवारी पुन्हा पॉझिटिव्ह यायचं एक मोठं कारण हेच.

जिवंत व्हायरस आहे का, हे बघायला नमुना पेशींवर वाढवून पाहावा लागतो. २०२० च्या सुरुवातीला म्युनिकमधल्या नऊ रुग्णांवर हे केलं गेलं. आठव्या दिवसानंतरच्या नमुन्यांतून व्हायरस वाढला नाही, आरएनए मात्र पुढेही सापडत राहिला. दक्षिण कोरियाने बरे होऊन पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्या २८५ जणांचा आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा माग काढला, तेव्हा त्यांच्याकडून कुणाला लागण झाल्याचं आढळलं नाही. भारतातही मे २०२० पासून सौम्य रुग्णांना पुन्हा टेस्ट न करता, लक्षणांपासून दहा दिवस आणि शेवटचे तीन दिवस ताप नाही, या हिशोबाने घरी सोडायला लागले.

२४ हा आकडाही हवेतून आलेला नाही. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने आयसीएमआरला विचारलं होतं, मर्यादा २४ वर आणावी का? आयसीएमआरने नको म्हटलं : ३५ पर्यंत पॉझिटिव्हच धरा, २४ ठेवलं तर संसर्ग पसरवू शकणारे बरेच रुग्ण निसटतील. मला हे उत्तर पटतं. लागण होऊन एकच दिवस झालेल्या माणसाचाही सीटी ३४ असू शकतो आणि दोन दिवसांनी तोच २० वर येतो. एकटा सीटी म्हणजे जिन्यावरच्या माणसाचा फोटो. तो चढतोय की उतरतोय, हे फोटोत दिसत नाही. त्यासाठी लक्षणं कधी सुरू झाली ती तारीख लागते. शिवाय किट बदललं, शोधायचा जीन बदलला, स्वॅब कमी-जास्त झाला की आकडा हलतो. म्हणून दोन लॅबमधले सीटी शेजारी ठेवून ‘वाढला’, ‘घटला’ म्हणू नये.

आणि बरं वाटतंय म्हणून उशिराचा प्रत्येक पॉझिटिव्ह सोडून द्यायचा, असंही नाही. ज्यांना आयसीयूत ठेवावं लागलं, त्यांच्यात जिवंत व्हायरस दहा दिवसांपुढेही, साधारण वीस दिवसांपर्यंत मिळालेला आहे. अवयव प्रत्यारोपण झालेले, ब्लड कॅन्सरचे उपचार घेणारे, अशा प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांत तो काही वेळा महिनोन् महिने टिकतो. घरात असा रुग्ण असेल आणि त्याचा सीटी आठवड्यामागून आठवडे कमीच येत असेल, तर ‘मेलेले तुकडे असतील’ म्हणून त्याला वेगळ्या खोलीतून बाहेर आणू नका. तो निर्णय त्याच्या डॉक्टरांना घेऊ द्या.