रंग बदलला, जागा बदलली नाही

वाचकाची प्रतिक्रिया : ताई, मागचा लेख वाचून पहिल्या आणि शेवटच्या स्लाइडवर अख्खा रविवार घालवला. थीम बदलली, मागे गडद निळा टाकला, टॉवेलचा फोटो लावला, शेवटी फुलांसकट ‘धन्यवाद’. सोमवारी मालक म्हणाले, ‘तयार साचाच उचललाय की.’ मग तुमचं ऐकून काय मिळालं? आमचं गिऱ्हाईक हॉटेलवालं, ते टॉवेल हातात घेऊन बघतं, स्लाइड नाही. उगाच डिझाइनचं अवडंबर.

उत्तर :

मालकांची नजर पक्की आहे, आणि तुमचा रविवार माझ्यामुळे गेला हे कबूल. मागच्या लेखात मी रंग आणि फोटोवरच भर दिला. साचा ओळखू येतो तो जागेवरून, हे लिहायचं राहिलं.

पॉवरपॉइंटची कोरी फाइल उघडा. स्लाइड ३३.८७ सेंटीमीटर रुंद. पहिल्या स्लाइडवर शीर्षकाची चौकट डावीकडून ४.२३ सेंटीमीटरवर सुरू होते, उजवीकडेही तेवढीच जागा सुटते. अक्षरं मधोमध, चौकटीच्या तळाला टेकलेली, आणि लगेच खाली उपशीर्षक. आता दुसरी स्लाइड घ्या. तिथलं शीर्षक २.३३ सेंटीमीटरवर, डावीकडून सुरू होतं. म्हणजे पहिली स्लाइड आणि आतल्या स्लाइड यांचा एकमेकींशी संबंध मुळातच नाही. तुम्ही थीम बदललीत तेव्हा रंग बदलले, फाँट बदलले, पण मधोमध बसलेल्या त्या दोन चौकटी बहुधा मधोमधच राहिल्या. बघणाऱ्याला सेंटीमीटर कळत नाहीत, पण अशा शेकडो स्लाइड त्यानं पाहिलेल्या असतात.

म्हणून पहिलं काम : शीर्षकाची डावी कड आतल्या स्लाइडच्या कडेवर आणा. स्लाइडवरची चौकट हातानं ओढू नका. View मध्ये Slide Master उघडा. डावीकडे सगळ्यात वर मोठी स्लाइड दिसेल, तिच्या लगेच खालची लहान ती Title Slide Layout. तिथं शीर्षकाची चौकट निवडून आडवी जागा २.३३, रुंदी १८ करा (इंच दिसत असतील तर ०.९२ आणि ७.१) आणि अक्षरं डावीकडे लावा. उपशीर्षकालाही तीच जागा, तीच रुंदी. तुमची थीम वेगळी असेल तर आतल्या शीर्षकाचा आकडा आधी बघून घ्या आणि तोच इथं टाका. आतली शीर्षकं मधोमध असणारी थीम असेल तर पहिलीही मधोमध राहू द्या. दोन्हीकडची कड जुळली की झालं.

मास्टर बंद करून परत आलात आणि काहीच हललं नाही, तर घाबरू नका. ती स्लाइड आधी कधीतरी हातानं ओढलेली आहे, म्हणून ती मास्टरचं ऐकत नाही. Home मधलं Reset दाबा. त्या चौकटींमध्ये हातानं केलेली बाकीची सजावटही त्यात जाते. तुमच्या बाबतीत ते चांगलंच म्हणायचं.

आता अक्षरं. मूळ साच्यात शीर्षक ६० पॉइंटचं असतं आणि दोन ओळींतलं अंतर ०.९ पट. इंग्रजीत हे खपून जातं. आपल्याकडे खाली उकार, वर मात्रा आणि रफार. ‘सोलापुरी टेरी टॉवेल’ ही एक ओळ आणि खाली ‘हॉटेलसाठी’ अशी दुसरी ओळ लिहा, की ‘पु’चा उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकायला येतो. सगळं दाटीवाटीचं दिसतं आणि का दिसतं ते कळत नाही. परिच्छेदाच्या खिडकीत Line Spacing ला Multiple निवडून १.१ करा, अक्षर ४८ वर आणा आणि आतली शीर्षकं ३२ वर, म्हणजे पहिली स्लाइड पहिली वाटेल. ओळ कुठं तुटावी हे चौकटीवर सोडू नका. अर्थ जिथं थांबतो तिथं Shift+Enter. ‘सोलापुरी टेरी’ वर आणि ‘टॉवेल हॉटेलसाठी’ खाली असं तुटलं की कुणी लक्ष दिलेलं नाही हे लगेच कळतं. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह आवरा. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ते शोभतं, आपली शिरोरेखा मात्र तुटते.

डावीकडे मजकूर गेला की उजवीकडे जागा मोकळी होते. फोटो तिथं, साधारण २२ सेंटीमीटरपासून उजव्या टोकापर्यंत, वरपासून खालपर्यंत. मागे अंधुक करून पसरवू नका, त्यानं फोटोही जातो आणि अक्षरंही. घडी घालून रचलेल्या टॉवेलांचा फोटो सगळेच लावतात. तुम्ही काठाजवळचा क्लोज-अप घ्या, ज्यात फास मोजता येतील. ओढून बसवू नका, कापून बसवा.

आणि हो, शीर्षकात ‘कंपनी प्रोफाइल’ असेल तर तेही काढा. लोक येऊन बसतात, चहा फिरतो, तोवर हीच स्लाइड समोर असते. ‘सोलापुरी टेरी टॉवेल / हॉटेलसाठी, ५०० जीएसएम’ एवढं वाचलं तरी गिऱ्हाइकाला कळतं की आपण कशासाठी बसलोय.

शेवटच्या स्लाइडबद्दल तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. टॉवेलच्या एका टोकाला जो डॉबीचा काठ, तोच दुसऱ्या टोकाला. शेवटची स्लाइड पहिलीची तशी जोडीदार हवी. Slide Master मध्ये Title Slide Layout वर उजवी कळ दाबून Duplicate Layout करा. कड तीच, अक्षर तेच. फोटोतली फक्त काठाची पट्टी ठेवा, ३ सेंटीमीटर रुंदीची, उजव्या टोकाला. उरलेल्या जागेत मजकूर मोकळा बसतो.

मजकूर कोणता? ‘धन्यवाद’ तुम्ही तोंडानं म्हणणारच आहात. प्रश्नोत्तरं चालू असताना ही स्लाइड समोर राहते, कधीकधी सगळ्या स्लाइडपेक्षा जास्त वेळ. तुम्ही स्वतःच लिहिलंय की गिऱ्हाईक टॉवेल हातात घेऊन बघतं. मग तेच लिहा : ‘नमुन्याचे सहा टॉवेल घेऊन जा. वीस धुण्यांनंतर बोलू.’ खाली नाव आणि फोन, २४ पॉइंटमध्ये, म्हणजे मागच्या खुर्चीवरूनही उतरवून घेता येईल. वाक्य अर्थातच तुमचा माल धुण्याला टिकत असेल तरच.

एक खड्डा मी स्वतः अनुभवलाय. एका सभेत प्रश्न चालू असताना हात चुकून बटणावर पडला, पडदा काळा झाला आणि वर बारीक अक्षरांत ‘End of slide show, click to exit.’ परत यायच्या गडबडीत आणखी एक क्लिक, आणि सगळ्या सभेनं माझी उघडी फाइल पाहिली, बाजूला लिहिलेल्या टिपांसकट. सेटिंगमध्ये तो काळा पडदा बंद करता येतो, पण मग शेवटची क्लिक थेट उघड्या फाइलवरच नेते. त्यापेक्षा शेवटच्या स्लाइडच्या दोन प्रती तिच्याच मागे ठेवा. चुकून पुढं गेलात तरी समोर तेच दिसेल.

निळा रंग आवडत असेल तर राहू द्या, फुलं तेवढी काढा. मालकांना पुन्हा दाखवाल तेव्हा काय म्हणाले ते कळवा.