वेळ लिहा रे!

पुन्हा तेच. मांडीला रक्त थांबवायचा पट्टा, टूर्निकेट, करकचून आवळलेला, पण कधी आवळला ते कुठेच लिहिलेलं नाही. ना कपाळावर, ना चिठ्ठीवर! अरे, दोन तासांच्या आत असेल तर रक्तवाहिनी बांधून पाय वाचवता येतो. सहा तास उलटले असतील तर पट्टा सोडणंच जिवावर बेततं; मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि हृदय बंद पडू शकतं. आणणाऱ्याला विचारलं, तर म्हणे, "मागच्या ठाण्यावर बांधलं, डॉक्टरसाहेब." मागचं ठाणं आपण कालच सोडलं! पोराची पोटरी लाकडासारखी कडक, घोटा वाकेना. म्हणजे पाय गेलाच. पेन्सिलीने चार आकडे लिहायला कितीसा वेळ लागतो? आणि बाहेर ओरडतायत, तंबू पाडा, निघायचंय. करवत तरी उकळू द्या!