ग्रामरने बांधलेलं लेबल आणि मॉडेलचं मत

भाषा-मॉडेलकडून मजकुराला ठराविक यादीतलंच लेबल लावून घ्यायचं असेल, तर यादीबाहेरचं काही लिहू न देणारे नियम त्याच्या आउटपुटवर लावता येतात. त्या नियमांना ग्रामर म्हणतात. त्याबद्दल असा एक सल्ला दिला जातो: "ग्रामर लावलं की विषय संपला. यादीबाहेरचं लेबल येऊच शकत नाही, त्यामुळे आउटपुट तपासू नका, प्रॉम्प्टमध्ये यादी देऊन टोकन वाया घालवू नका. आणि जे लेबल येतं, तेच मॉडेलच्या मते सगळ्यात योग्य असतं."

पहिल्या दाव्यात बरंचसं तथ्य आहे, पण दोन पळवाटा राहतात. एक म्हणजे टोकनची मर्यादा. ग्रामर फक्त पुढचं टोकन, म्हणजे मजकुराचा पुढचा तुकडा, वैध आहे की नाही ते बघतं. उत्तर पूर्ण होईल याची हमी देत नाही. कमाल टोकन 2 ठेवलेत आणि लेबल देवनागरीत असेल, तर ते अर्ध्यातच तुटू शकतं. दुसरी पळवाट ग्रामरऐवजी `logit_bias`, म्हणजे निवडक टोकनांचे गुण वाढवणारी सेटिंग, वापरणाऱ्यांची. त्यात टोकनांचा संच उचलून धरला जातो, त्यांचा क्रम नाही. `water_bill` आणि `road` यांची टोकनं उचलून धरलीत, तर `road_bill` तयार व्हायला काहीच आडकाठी नसते. क्रम हवा असेल तर ग्रामरच लागतं. `llama.cpp`मध्ये ते असं दिसतं:

```
root ::= "water_bill" | "water_quality" | "road"
```

यादी प्रॉम्प्टमधून वगळायचा सल्ला मात्र सरळ चुकीचा आहे. वरची ओळ मॉडेलला दिसतच नाही. मॉडेल नेहमीप्रमाणे सगळ्या टोकनांना गुण देतं. मग ग्रामर अवैध टोकनांचे गुण उणे अनंत करतं आणि उरलेल्यांच्या शक्यतांची बेरीज पुन्हा 1 होते. यात मॉडेलला काहीही 'कळत' नाही. आपल्याकडे कोणती लेबलं आहेत हे न सांगता त्याला विचारलं, तर ते स्वतःच्या मनातलं लेबल लिहायला घेतं आणि वाटेत अडवलं जातं.

तिसरा दावा इथेच कोसळतो. समजा, नगरपालिकेकडे तक्रार आली: "पाइप फुटलाय, रस्त्यावर खड्डा पडलाय." यादी वरचीच, प्रॉम्प्टमध्ये ती दिलेली नाही. आकडे समजण्यापुरते घेऊ. पहिल्या टोकनला मॉडेल `water`ला 0.6 देतं, `road`ला 0.3, बाकीचं इतर शब्दांना. `water`नंतर त्याला लिहायचं असतं `_leak`, त्याला 0.9, `_bill`ला 0.03 आणि `_quality`ला 0.02. पण `_leak` यादीत नाही.

तापमान 0 असेल, म्हणजे दर पायरीला सर्वाधिक शक्यतेचं टोकन घेतलं जात असेल, तर ग्रामर `water` निवडू देतं, कारण तोवर ते वैधच आहे. पुढच्या पायरीला `_leak` कापलं जातं, आणि 0.03 व 0.02 मध्ये `_bill` जिंकतं. फुटलेल्या पाइपची तक्रार बिलाच्या खात्याकडे जाते.

आता अख्ख्या लेबलांची शक्यता मोजा. `water_bill` म्हणजे 0.6 × 0.03 = 0.018, `water_quality` 0.012, आणि `road` 0.3. यादीपुरतंच बोलायचं तर `road`चा वाटा सुमारे 91 टक्के. ग्रामर लावल्यावर मात्र `water_bill` 40 टक्के आणि `road` 33 टक्के दिसतं. पायरीपायरीने कापत गेल्यामुळे `water`वरचं सगळं वजन अशा दोन लेबलांना मिळालं, जी मॉडेलला जवळजवळ नकोच होती.

देवनागरी लेबलांत हा धोका वाढतो. प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइटचं, आणि पहिला बाइट सगळ्यांचा एकच. टोकनायझर अक्षरं बाइटपर्यंत फोडत असेल, तर पहिल्या टोकनला लेबलांत फरकच उरत नाही. म्हणून आतून `A`, `B`, `C` वापरा, प्रॉम्प्टमध्ये प्रत्येकाचा अर्थ एका ओळीत लिहा आणि मराठी नाव नंतर कोडमध्ये लावा. अक्षरं वापरली तरी मॉडेल यादीतल्या क्रमाकडे झुकू शकतं: 100 हाताने तपासलेल्या तक्रारींवर यादी उलटी करून पुन्हा चालवा आणि किती उत्तरं फिरली ते मोजा. लेबलं थोडी असतील तर त्याहून स्वच्छ मार्ग म्हणजे एकाच प्रॉम्प्टपुढे प्रत्येक लेबल ठेवून त्याच्या टोकनांच्या लॉग-शक्यतांची बेरीज करायची. प्रॉम्प्ट कॅशमध्ये असल्याने हे महाग पडत नाही.

आउटपुट तपासायचं म्हणजे नेमकं काय, तेही इथेच ठरतं. ग्रामरने अवैध टोकनं कापण्याआधी वैध टोकनांवर एकूण किती शक्यता होती, तो आकडा प्रत्येक पायरीला नोंदवा. वरच्या उदाहरणात पहिल्या पायरीला तो 0.9 आहे, सगळं ठीक वाटतं. दुसऱ्या पायरीला 0.05. तोच धोक्याचा कंदील. कापल्यानंतरची टक्केवारी इथे फसवते, कारण 0.05 मधलं 0.03 सुद्धा 60 टक्के दिसतं. असा आकडा घसरलेल्या तक्रारी माणसाकडे पाठवा, आणि त्या सतत एकाच विषयाच्या निघाल्या तर यादीत एक खातं कमी आहे असं समजा. `other` हे लेबल ठेवाच, पण प्रॉम्प्टमध्ये त्याचा अर्थ न सांगता फक्त ग्रामरमध्ये घुसडलंत, तर मॉडेल ते क्वचितच उचलेल.