रीबूटवाचून पॅचिंग: एक आदर्श वेळापत्रक

कामाच्या वेळेत बंद करता येत नाहीत असे सर्व्हर तुमच्या गळ्यात पडले असतील तर अभिनंदन. त्यांचं पॅचिंगचं वेळापत्रक बनवण्याइतकं सोपं काम नाही. एक्सेल उघडा, बारा महिन्यांचे बारा रकाने पाडा, प्रत्येकात ‘तिसरा शनिवार, रात्री ११ ते ३’ असं लिहा आणि सगळं हिरवं करून टाका. आधी रंग, मग काम. काम राहिलं तरी रंग कुठे जात नाही.

एक पथ्य मात्र पाळा. ‘कामाची वेळ’ म्हणजे नेमकी कोणती, हे कधीही लिहून काढू नका. ते लोकांना तोंडी विचारायचं. हिशेबवाले म्हणतील, महिनाअखेर सोडून कधीही. विक्रीवाले म्हणतील, शनिवार-रविवार सोडून कधीही. रात्रीचे जॉब बघणारा म्हणेल, बारा ते दोन सोडून कधीही. ही सगळी ‘सोडून’ एकावर एक ठेवली की वर्षात एकही तास उरत नाही, आणि तुमची सुटका होते. लोड बॅलन्सरच्या लॉगमधून दर तासाला किती विनंत्या आल्या, याचा महिन्याभराचा आलेख मात्र चुकूनही काढू नका. रविवारी पहाटे तीन ते पाच या वेळात त्या सर्व्हरला फक्त तुमचंच मॉनिटरिंग हाक मारतंय, असं त्यात दिसण्याचा धोका असतो. ते एकदा दिसलं की डोळ्याआड करता येत नाही.

आता मुख्य युक्ती. पॅच टाकायचा, रीबूट करायचा नाही. पॅकेज मॅनेजर बिनतक्रार ‘पूर्ण’ म्हणतो. नव्या कर्नलची फाइल डिस्कवर येऊन बसते, आणि मेमरीत जुना कर्नल पूर्वीसारखाच राज्य करत राहतो. ओपनएसएसएलसारखी लायब्ररी बदलली तरी आधीपासून चालू असलेल्या सेवा जुनीच प्रत धरून बसतात. ती प्रत डिस्कवरून पुसली गेलेली असली तरी त्यांना फरक पडत नाही. म्हणजे भोक होतं तिथेच आहे, फक्त अहवालात बुजलंय. नुसती पॅकेजची आवृत्ती बघणारा स्कॅनरही तुमच्याच बाजूने साक्ष देईल. रेड हॅट घराण्यातल्या सर्व्हरवर पुढचे चार आदेश मात्र साहेबांसमोर चालवू नका:

```
uptime -s
uname -r
rpm -q --last kernel | head -1
needs-restarting -r
```

पहिला सर्व्हर शेवटचा कधी सुरू झाला ते सांगतो, दुसरा आत्ता कोणता कर्नल चालू आहे ते, तिसरा सर्वात अलीकडे कोणता बसवला ते. दुसरा आणि तिसरा जुळले नाहीत, तर तुमच्या हिरव्या रकान्यांचा अर्थ कुणालाही कळेल. चौथा तर तोंडावरच सांगतो की रीबूट बाकी आहे. उबुंटूवर `/var/run/reboot-required` नावाची फाइल हेच काम करते. कुणी फारच खोदून विचारलं तर ‘लाइव्ह पॅचिंग आहे ना’ म्हणा. ते कर्नलमधल्या निवडक सुरक्षा दुरुस्त्यांपुरतं असतं, प्रत्येक दुरुस्ती त्यात येत नाही, आणि फर्मवेअरला तर ते हातही लावत नाही. पण एवढं खोलात कोण जातंय?

अपटाइमचा अभिमान जरूर बाळगा. आठशे दिवस न थांबलेला सर्व्हर म्हणजे आठशे दिवस कुणी खात्री न केलेला सर्व्हर, असं काही खवचट लोक म्हणतात. त्यांचं दुर्दैवाने खरं आहे, म्हणून त्यांना बैठकीला बोलावू नका. एवढ्या काळात रात्री-अपरात्री कुणीतरी `ip route add` मारून रस्ता जोडलेला असतो, `sysctl -w` ने एखादी मर्यादा वाढवलेली असते, एखादी सेवा हाताने सुरू केलेली असते. यातलं काहीही रीबूटनंतर परत येत नाही. ‘हा सर्व्हर रीबूट करता येत नाही’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘तो परत कसा उठेल ते आम्हाला ठाऊक नाही’ एवढाच असतो. पण पहिलं वाक्य फॉर्ममध्ये जास्त शोभतं.

तरीही एखाद्या शनिवारी खरोखर रीबूट करायची वेळ आलीच, तर बेत असा आखा. समजा डेटाबेसचे दोन सर्व्हर आहेत, एक प्रायमरी आणि एक स्टँडबाय. मंजूर वेळ रात्री ११ ते ३.

काही पुस्तकी मंडळी आधी स्टँडबाय घेतात. त्यावर पॅच टाकण्याआधीच त्याला एकदा रीबूट करतात. हेतू असा की तो उठला नाहीच, तर दोष जुना आहे हे तिथल्या तिथे कळावं आणि पॅचच्या माथी मारला जाऊ नये. मग पॅच, मग दुसरं रीबूट. प्रायमरीच्या डेटाबरोबरचं अंतर शून्यावर आलं की भूमिकांची अदलाबदल करतात. वापरणाऱ्यांना जाणवला तर काही सेकंदांचा झटका जाणवतो. जुनी प्रायमरी ते त्या रात्री घेतच नाहीत. नवा पॅच खऱ्या भाराखाली आठवडाभर बघतात आणि पुढच्या शनिवारी तिचा नंबर लावतात. यात दोन शनिवार जातात, आणि तुम्हाला एकाच शनिवारात दोन रकाने हिरवे करायचे आहेत. तेव्हा दोन्ही सर्व्हर एकाच गटात टाका, ‘डेटाबेस’ म्हणून. जोडी कशासाठी असते हा प्रश्न पहाटे पडेल, तेव्हा बघू.

वेळेचा हिशेबही सोपा ठेवा. चार तास म्हणजे चार तास. भरपूर मेमरी असलेला खरा, म्हणजे आभासी नसलेला सर्व्हर स्वतःचं हार्डवेअर तपासण्यातच दहा-पंधरा मिनिटं घालवतो आणि तेवढा वेळ स्क्रीनवर काहीच हलत नाही. हे धरू नका. एक वाजता बॅकअप सुरू होतो, तो त्याच डिस्कवर तुटून पडतो, हेही धरू नका. आणि परतीची वेळ तर अजिबात लिहू नका. मागे फिरायला पन्नास मिनिटं लागतात असं धरलं, आणि वर पंधरा-वीस मिनिटं तपासणीला ठेवली, तर एक वाजून पन्नास मिनिटांपर्यंत ‘पुढे की मागे’ हे ठरवावं लागतं. कुणी ठरवायचं त्याचं नावही लागतं. ते नाव लिहिलं की तो माणूस त्या शनिवारी हमखास लग्नाला जातो.

मग काय होतं ते जवळून पाहा. साडेबाराला तुम्ही `reboot` मारता. पिंगची उत्तरं थांबतात. पंधरा मिनिटं सगळे ‘मेमरी टेस्ट चालू असेल’ म्हणतात आणि ते खरंच असतं. त्यानंतरची पंधरा मिनिटं मात्र ते खरं नसतं. शेवटी कुणीतरी रिमोट कन्सोलचा पासवर्ड शोधून काढतो. पडद्यावर एक लाल-पांढरी ओळ पुढे-मागे सरकून गेलेली असते: एका डिस्कची वाट बघतोय, दीड मिनिटाची मर्यादा. ती डिस्क दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेली, पण `/etc/fstab` मधली तिची ओळ तशीच राहिलेली, तीही `nofail` न लिहिता. दीड मिनिट संपलं, सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये गेला आणि आता तो रूटचा पासवर्ड मागतोय. तो पासवर्ड ज्याला ठाऊक होता त्याने नोकरी बदलली आहे.

बिचाऱ्या पॅचचा यात काडीचा संबंध नाही. पण सोमवारच्या अहवालात ‘पॅचमुळे अडीच तास बंद’ असंच जाणार, आणि पुढची दोन वर्षं त्या अहवालाच्या आधारावर कुणी रीबूटचं नाव काढणार नाही. शुक्रवारी दुपारी `findmnt --verify` चालवलं असतं तर ती ओळ दिवसाढवळ्या सापडली असती. `systemctl is-enabled` ने कोणती सेवा आपोआप उठणार नाही तेही कळलं असतं. दोन्ही आदेश काहीच बंद करत नाहीत, कामाच्या वेळेतही चालतात. म्हणूनच त्यांना वेळापत्रकात जागा नाही. वेळापत्रक फक्त रात्रीचं असतं.

रोलबॅकच्या रकान्यात ‘स्नॅपशॉट’ हा एकच शब्द लिहा. वजनदार दिसतो. डेटाबेस पुन्हा सुरू झाल्यावर सोमवारी दुपारी लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय, आणि तुम्ही शनिवारच्या स्नॅपशॉटवर गेलात, तर मधले सगळे व्यवहारही शनिवारीच जाऊन बसतात. म्हणजे स्नॅपशॉटचा उपयोग लोकांना आत सोडण्यापूर्वीपर्यंतच. कर्नलच नडत असेल तर बूट मेन्यूमधून मागचा कर्नल निवडला की काम भागतं, डेटाला धक्का लागत नाही. पण त्यासाठी मागचा कर्नल ठेवलेला हवा, आणि `/boot` मध्ये नव्यालाही जागा हवी. भरलेल्या `/boot` वर नवा कर्नल अर्धवट बसू शकतो, आणि ही बातमी कधीकधी थेट रीबूटच्या वेळीच कळते.

एवढं सगळं नकोच असेल तर राजमार्ग आहे: सूट. जोखीम-स्वीकृतीचा फॉर्म भरा, कारणात ‘व्यवसायाच्या दृष्टीने अतिमहत्त्वाचा सर्व्हर’ लिहा आणि मुदतीचा रकाना कोरा सोडा. अतिमहत्त्वाचा आहे म्हणूनच त्याला दुरुस्ती नको, या तर्कापुढे भले भले गप्प होतात. फक्त कुणी २०१७ ची आठवण काढू नये एवढं बघा. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या भोकाची MS17-010 ही दुरुस्ती १४ मार्चला दिली आणि त्याच भोकातून खंडणी मागणारं वॉनाक्राय १२ मेला पसरलं. मध्ये एकोणसाठ दिवस होते. तिसऱ्या शनिवारच्या हिशेबाने त्यात पॅचिंगच्या दोन खिडक्या येऊन गेल्या, १८ मार्चची आणि १५ एप्रिलची. त्या दिवशी तुमच्यासारख्याच कुणाकडे विक्री किंवा बॅच जॉब असणार. आणि तातडीची दुरुस्ती आली तर महिन्याची वाट न बघता किती तासांत, कुणाच्या सहीने खिडकी उघडायची, हे कलम त्यांच्याही वेळापत्रकात नसणार.

फॉर्म दर तिमाहीला नवा करायचा असतो. मागचाच कॉपी करा, वरची तारीख बदला. सही करणाऱ्यालाही तेच सोयीचं असतं. त्याच्याकडे असे चाळीस फॉर्म येतात आणि त्यातला एकही सर्व्हर त्याने पाहिलेला नसतो. एकच खबरदारी: डेटा सेंटरच्या यूपीएसची देखभाल कधी आहे ते विचारून ठेवा. त्यांचंही वेळापत्रक असतं, तेही कामाच्या दिवशीचं, आणि त्यांच्या एक्सेलमध्ये तुमच्या सर्व्हरला सूट नाही.