मामा, ती ओल आहे, वाबी-साबी नव्हे

“वाबी म्हणजे साधे, साबी म्हणजे जुने. जपानी माणूस जुने काही टाकत नाही, फुटलेले सोन्याने जोडतो, मोडके-तोडके आहे तसे स्वीकारतो. आपणही तडा गेलेला कप, पोपडे निघालेली भिंत यांच्याकडे प्रेमाने बघूया. पुढे पाठवा.”

परवा हे आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी टाकलं. त्याच्या बरोब्बर वर मामींचा निरोप होता: हॉलच्या भिंतीची ओल दिवाळीआधी काढून घेऊया, पोपडे रोज गादीवर पडतात. म्हणजे मामींना मामांचं उत्तर हे! मी जपानी शिकवून पोट भरते, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी शब्द. ‘वाबी’ आला ‘वाबु’ या जुन्या क्रियापदातून. अर्थ: हताश होणं, हाल काढणं. आजही ‘वाबिशी’ म्हणजे केविलवाणं, आणि ऑफिसच्या पत्रात माफी मागताना जो ‘ओवाबी’ लिहितात तोही याच मुळाचा, फक्त कांजी, म्हणजे लिहायचं चिनी अक्षर, वेगळी. साधेपणा यात कुठेच नाही, दैन्य आहे. ‘साबी’चं क्रियापद ‘साबु’: ओसाड होणं, काळाने मुरणं. ‘साबिशी’ म्हणजे एकटं एकटं वाटणारं. लोखंडाच्या गंजालाही ‘साबी’च म्हणतात, कांजी निराळी. तेव्हा ‘जुने’ हा अर्थ अगदीच हवेतून काढलेला नाही, एवढं कबूल.

पण तो अर्थ फार पुढे नेत नाही. साबी हा मुळात कवितेतला शब्द. हायकूकार बाशोचा शिष्य क्योराइ सांगतो की साबी हा ओळींचा रंग आहे, उदास ओळींचं नाव नव्हे. त्याने दिलेलं उदाहरण असं: एखादा म्हातारा चिलखत चढवून रणात उतरला, किंवा जरीची वस्त्रं घालून मेजवानीला बसला, तरी त्याचं म्हातारपण दिसतंच. गजबजलेल्या कवितेतही साबी असू शकतो, असं तो स्पष्ट म्हणतो. जरीची वस्त्रं, मामा! फाटकं धोतर नव्हे.

वाबी आला चहाकडून, म्हणजे पाहुण्याला रीतसर चहा करून देण्याच्या जपानी कलेतून, आणि इथे फॉरवर्डवाल्याने खरी माती खाल्लीय. या प्रकारच्या चहाचा आद्य गुरू मानतात तो मुराता जुको, 1502 साली वारलेला. त्याचं शिष्याला लिहिलेलं एक छोटं पत्र उरलंय. त्यात तो वैतागून लिहितो की हल्ली नवशिके ‘थंड, सुकलेलं’ असले शब्द तोंडात घोळवत बिझेन आणि शिगाराकीची भांडी घेऊन मिरवतात, हे बोलण्यापलीकडचं आहे. बिझेन, शिगाराकी म्हणजे बिनझिलईची, शेतकऱ्यांच्या घरची ओबडधोबड मडकी. (बिझेन आजच्या ओकायामा प्रांतात येतं. सिंहगड रस्त्यावरची आपली जपानी बाग त्याच ओकायामाच्या मैत्रीतली.) जुकोचं म्हणणं, सुकणं कसं येतं? आधी चांगली भांडी बाळगावीत, त्यांची गोडी पुरती कळावी, मनाचा पाया पक्का व्हावा, आणि मग हळूहळू ते उतरावं. ओबडधोबड मडकं विकत आणलं की झालं, असं नाही. म्हणजे ‘गावरान तेच वाबी’ हा गैरसमज पाचशे वर्षं जुना आहे आणि त्याला पहिला फटका खुद्द जुकोनेच लगावलाय.

त्याचंच आणखी एक वचन सांगतात: गवताच्या झोपडीला उमदा घोडा बांधलेला असावा. मजा त्या दोहोंच्या जोडीत आहे. नुसती झोपडी म्हणजे नुसती झोपडीच.

आता ‘जुने’कडे वळू. सेन नो रिक्यू हा या चहाचा सर्वांत मोठा माणूस, 1522 ते 1591. त्याच्या चहाशी सगळ्यात घट्ट जोडलेली वस्तू म्हणजे क्योतोच्या चोजिरोने घडवलेले राकू कटोरे. त्या काळी त्यांना ‘इमायाकी’ म्हणत, म्हणजे आत्ता भाजलेलं. शब्दशः कोरे करकरीत! तोवर मान होता तो चीनहून आलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या भांड्यांना. रिक्यूने त्यांच्या शेजारी ताजा कटोरा ठेवला.

आणि तो कटोरा बघा कसा. चाक नाही, हातानेच माती उचलून कड उभी करायची, मग आतून-बाहेरून खरवडायची. काळी झिलई कामो नदीच्या दगडाच्या पुडीची. छोट्या भट्टीत झिलई वितळली की लालबुंद कटोरा चिमट्याने बाहेर ओढायचा, त्यामुळे काही कटोऱ्यांवर चिमट्याची खूण राहते. कड किंचित आत वळलेली, तळाशी चहा साठायला उथळ खोलगट. माती सच्छिद्र आणि भिंत जाड, म्हणून चहा गरम राहतो आणि ओंजळीत धरला तरी हात पोळत नाही. यातला ओबडधोबडपणा एकेक करून ठरवलेला आहे, निष्काळजीपणे राहून गेलेला नव्हे.

आता भिंत. रिक्यूची म्हणून मानली जाणारी एकच चहाखोली उरलीय, क्योतोजवळ यामाझाकीला, ‘ताइआन’. दोन तातामी चटयांएवढी, म्हणजे चाळीस चौरस फुटांच्या आसपास. मातीच्या भिंती, लिंपणात पेंढ्याचे तुकडे दिसतात. चित्र टांगायच्या कोनाड्याचे आतले खांब मातीने लिंपून झाकलेत आणि कोपरे गोल केलेत, त्यामुळे एवढासा कोनाडा खोल भासतो. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या वाबी खोलीत गवंड्याने केवढी मेहनत घेतलीय, आणि आमच्या मामांना गवंडी बोलवायचाच नाहीये. शिवाय त्या चहाखोलीत सगळं मुरलेलं असलं तरी चहाचा कटोरा पुसायचा कापडी तुकडा पांढराशुभ्र आणि नवा लागतो, धूळ तर औषधालाही चालत नाही. पोपडे पडलेल्या गादीवर रिक्यूने चहा घेतला असता का, विचारा स्वतःला.

सोन्याने जोडण्याबद्दल थोडक्यात. किंत्सुगी खरी आहे, पण जोडतं ते सोनं नव्हे. उरुशी नावाच्या झाडाचा चीक तुकडे जोडतो, सोन्याची पूड शेवटच्या थरावर भुरभुरतात. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं आहे, ओला चीक अंगाला लागला तर तसंच उठतं. चीक कोरडा व्हायला दमट हवा लागते, म्हणून भांडं ओलसर पेटीत ठेवतात आणि एकेका थराला दिवस जातात. हे कष्ट नावाजलेल्या कटोऱ्यासाठी घेतात. ऑफिसातून मिळालेल्या मगसाठी सहसा कुणी घेत नाही, आणि प्रत्येक जपानी घरात फुटकं जपून ठेवतात हेही खोटं. बाहेरच्या जगाला वाबी-साबी हा जोडशब्द माहीत झाला तो मुख्यतः 1994 नंतर, लिओनार्ड कोरेन या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकातून. घर सजवणाऱ्यांनी पुढे त्याचा मळकट रंगाचा कॅटलॉग करून टाकला.

रिक्यूच्याच एका शिष्याने, यामानोउए सोजीने, वाबी चहावाल्याची ओळख लिहून ठेवलीय: जवळ एकही नामांकित वस्तू नसली तरी मनाचा निश्चय हवा, स्वतःची कल्पकता हवी आणि हातून काही घडलेलं हवं. मामांकडे यातलं पहिलं आहे, निश्चय. भिंतीला हात न लावण्याचा.

मामी, पोपड्यांवर नुसता रंग मारू नका, महिन्याभरात परत सुटतील. भिंतीमागे बाथरूमचा नळ आहे ना? आधी प्लंबरकडून तो तपासून घ्या, मग जुनं प्लास्टर विटेपर्यंत काढायला सांगा, आणि भिंत पूर्ण वाळल्याशिवाय नवं चढवू नका. आमच्याकडे काम केलेल्या गवंड्याचा नंबर तुम्हाला वेगळा पाठवलाय, ग्रुपवर नाही.